फिरत्या फाट्यांचा वंशवृक्ष: शाळेसाठी केलेल्या टांगत्या मॉडेलच्या नोंदी

१० जून. काय करायचं ते ठरवलं

नाशिकमधल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत आठवी ते दहावीसाठी सजीवांच्या वंशवृक्षाचं मॉडेल टांगायचं आहे. भिंतीवर छापील तक्ता आधीपासून आहे: डावीकडे शार्क, मग रोहू, मग फुफ्फुसमासा, असं करत उजव्या टोकाला माणूस. फुफ्फुसमासा रोहूच्या जवळचा की माणसाच्या, असं विचारलं की वर्गातून एकच उत्तर येतं, रोहूच्या. तक्त्यात ते शेजारी आहेत आणि दोघांच्या नावामागे मासा लागतो, एवढंच त्यामागचं कारण. उत्तर चूक आहे, आणि ते चूक का हे सपाट कागदावर पटवणं अवघड जातं. म्हणून प्रत्येक फाटा हाताने फिरवता येईल असं मॉडेल हवं.

फाटा म्हणजे जिथे एका वंशाचे दोन वंश झाले ती जागा. त्या जागी होता तो खालच्या सगळ्या टोकांचा सामाईक पूर्वज, म्हणजे एके काळी जगलेली एक जीवसंख्या. टोकाला लटकतात ते आजचे प्राणी. फाट्यावर कुठलंही चित्र लावायचं नाही, हे पहिल्याच दिवशी पक्कं केलं. चित्र लावलं की मुलं म्हणतात, “शार्कपासून रोहू झाला.” रोहू शार्कपासून झालेला नाही. दोघे एका जुन्या पूर्वजापासून आले आणि तो पूर्वज धड शार्क नव्हता, धड रोहूही नव्हता.

माणसाच्या जागी गाय घेतली. दोघे सस्तन आहेत, त्यामुळे झाडाचा आकार बदलत नाही. मात्र माणूस टोकाला दिसला की सगळं झाड त्याच्याकडे चढत जाणाऱ्या जिन्यासारखं वाचलं जातं.

१४ जून. आधी पडद्यावर

काहीही कापण्याआधी झाड संगणकावर काढून पाहिलं. आर या मोफत प्रणालीतलं `ape` हे पॅकेज यासाठी पुरेसं आहे. पहिल्या आराखड्यात आठ टोकं होती: शार्क, रोहू, फुफ्फुसमासा, बेडूक, गाय, पाल, मगर, कबूतर. हे झाड फणीसारखं दिसतं. प्रत्येक फाट्यावरून एकेक प्राणी सुटतो आणि मुख्य दांडा पुढे जात राहतो. त्यामुळे तो दांडा म्हणजे प्रगतीचा रस्ता आणि बाजूला सुटलेले म्हणजे मागे राहिलेले, असं वाटायला लागतं.

फणीचा आकार निसर्गाने दिलेला नाही, तो आपल्या निवडीतून येतो. आज जिवंत असलेल्या पृष्ठवंशी जातींपैकी जवळपास निम्म्या रोहूच्या बाजूच्या, म्हणजे किरणपर माशांच्या आहेत. त्या बाजूने एकच टोक घेतलं आणि आपल्या बाजूने सहा घेतली की फणी होणारच. म्हणून दोन टोकं वाढवली. शार्कला जोडीदार म्हणून पाकट आणि रोहूला जोडीदार म्हणून समुद्रघोडा. अंतिम झाड असं:

```
library(ape)
t <- read.tree(text="((Shark,Ray),((Rohu,Seahorse),(Lungfish,(Frog,(Cow,(Lizard,(Croc,Pigeon)))))));")
plot(t); nodelabels()
plot(rotate(t, 13))
getMRCA(t, c("Rohu","Lungfish"))
getMRCA(t, c("Cow","Lungfish"))
```

`nodelabels()` प्रत्येक फाट्याला क्रमांक देतं. दहा टोकांना १ ते १०, मुळाला ११ आणि पुढे १९ पर्यंत नऊ फाटे. टोकांपेक्षा फाटे एकाने कमी, हे दुहेरी फाट्यांच्या कुठल्याही झाडात खरं असतं. आडवं झाड पडद्यावर खालून वर वाचलं जातं, त्यामुळे आपल्या मॉडेलमधला डावा-उजवा क्रम इथे खाली-वर दिसेल.

शेवटच्या दोन ओळींची उत्तरं पाहा. रोहू आणि फुफ्फुसमासा यांचा सर्वांत अलीकडचा सामाईक पूर्वज १३ क्रमांकाच्या फाट्यावर येतो, गाय आणि फुफ्फुसमासा यांचा १५ वर. १५ हा १३ च्या पोटात आहे, म्हणजे नंतरचा आहे. म्हणून फुफ्फुसमासा गाईच्या जवळचा. रोहू आणि गाय यांचाही पूर्वज १३ वरच येतो. म्हणजे रोहूच्या दृष्टीने फुफ्फुसमासा आणि गाय सारख्याच अंतरावर आहेत.

आता `rotate(t, 13)` ने काय होतं ते. आधीचा क्रम असा होता: शार्क, पाकट, रोहू, समुद्रघोडा, फुफ्फुसमासा, बेडूक, गाय, पाल, मगर, कबूतर. फक्त एक फाटा फिरवल्यावर: शार्क, पाकट, फुफ्फुसमासा, बेडूक, गाय, पाल, मगर, कबूतर, रोहू, समुद्रघोडा. कबूतर रोहूच्या मांडीला मांडी लावून बसलं, आणि फुफ्फुसमासा पाकटाशेजारी गेला. एकही फाटा तुटला नाही, एकही जोडला नाही, वरच्या दोन्ही `getMRCA` चं उत्तरही तेच राहिलं. सगळ्या मॉडेलचा हेतू या एका फिरवण्यात आहे, म्हणून १३ चा फाटा हाताला सहज लागेल अशा उंचीवर ठेवायचं ठरवलं.

२० जून. मापं

पहिला विचार असा होता की धाग्याची लांबी काळाप्रमाणे ठेवावी, १ सेंमी म्हणजे १ कोटी वर्षं. कागदावर उतरवताच तो सोडला. मगर आणि कबूतर यांचे वंश साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, गाय आणि पाल यांचे साधारण ३२ कोटी. तिथपर्यंत ठीक. पण रोहूचा फाटा आणि फुफ्फुसमाशाचा फाटा दोन्ही ४० कोटींच्या पलीकडे आणि एकमेकांच्या इतके जवळ, की दोन आडव्या काड्यांमध्ये जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उरतात. फिरवलं की अडकणार. म्हणून उंची काळाच्या मापात नाही. प्रत्येक पातळीत सरळ १२ सेंमी.

एका गोष्टीत मात्र सूट नाही. सगळी टोकं एकाच पातळीत लटकली पाहिजेत, कारण सगळे प्राणी आजचे आहेत. शार्कचं चित्र वर आणि कबुतराचं खाली टांगलं की शार्क “जुना” आणि कबूतर “नवं” असं लगेच वाचलं जातं. आजचा शार्क कबुतराइतकाच आजचा आहे.

खरी डोकेफोड आडव्या मापांची होती. प्रत्येक फाटा म्हणजे एक आडवी काडी, तिच्या दोन टोकांना दोन फांद्या, आणि मध्ये कुठेतरी तिला वर टांगणारा धागा. काडी पूर्ण गोल फिरली पाहिजे, खालचं काही कशाला घासता कामा नये, आणि काडी समतोल राहिली पाहिजे. प्रत्येक टोकाचं पाटीसह वजन सारखं ठेवलं आणि पाटी १० सेंमी रुंद धरली, तर एक सोपा नियम हाती येतो:

काडीची लांबी = तिच्याखालच्या सगळ्या टोकांची संख्या × ८ सेंमी. टांगायची जागा = जड बाजूच्या टोकापासून, हलक्या बाजूला जितकी टोकं असतील तितके × ८ सेंमी.

मगर-कबूतर: दोन टोकं, १६ सेंमी काडी, टांगायची जागा बरोबर मध्ये. पालीची काडी: तीन टोकं, २४ सेंमी, जड बाजूपासून ८ वर. गाय ३२, बेडूक ४०, फुफ्फुसमासा ४८, तिन्हींची जागा जड बाजूपासून ८ वर. १३ चा फाटा: आठ टोकं, ६४ सेंमी, जागा १६ वर, कारण हलक्या बाजूला रोहू आणि समुद्रघोडा असे दोन आहेत. सर्वांत वरची काडी ८० सेंमी, जागा पुन्हा १६ वर. शार्क-पाकट आणि रोहू-समुद्रघोडा यांच्या जोड्या १६-१६ च्या.

हा नियम पाळला की काडीच्या दोन टोकांना लटकलेल्या फांद्या आपापल्या पूर्ण घेरात फिरल्या तरी मध्ये ६ सेंमी मोकळे राहतात, आणि हे कुठल्याही फाट्यावर खरं असतं. सबंध मॉडेलचा घेर साधारण दीड मीटर, उंची जवळपास १ मीटर. छताचा हुक भिंतीपासून किमान ८० सेंमी दूर हवा.

२ जुलै. तार वाकली

सातपूरच्या वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानातून ३.२ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या मीटरभर कांड्या आणल्या होत्या. हलक्या, सरळ, कापायला सोप्या. लहान काड्यांना त्या उत्तम चालल्या. ६४ आणि ८० सेंमीच्या काड्या मात्र पाट्या लटकवताच धनुष्यासारख्या वाकल्या. लांब बाजू दहाएक सेंटिमीटर खाली आली आणि टोकांची एक पातळी गेलीच. त्याच जाडीची स्टेनलेसची कांडी कमी वाकते, पण वजन जवळपास तिप्पट होतं.

उपाय बांबूचा निघाला. बुरुडाकडून १० मिमी उंच आणि ६ मिमी जाड कामट्या सोलून घेतल्या. १० मिमीची बाजू उभी ठेवायची, आडवी ठेवली तर ताकद तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते. या कामट्या ८० सेंमीलासुद्धा डोळ्याला दिसेल इतक्या वाकत नाहीत.

११ जुलै. पावसाने अडवलं

गोदावरीला पाणी वाढलं, नदीकाठचा बुधवारचा बाजार बसला नाही, राहिलेलं सामान आठवडाभर लांबलं. आणलेल्या कामट्या ओल्या होत्या आणि पावसाळी हवेत त्यांना पीळ पडला. पीळ पडलेली कामटी फिरवताना डगमगते. ओल्या बांबूच्या कामट्या घेऊ नयेत. घेतल्याच तर सपाट फळीवर दोऱ्याने बांधून आठ-दहा दिवस वाळवाव्यात, मगच कापाव्यात. वाळल्यावर दोन्ही बाजूंनी लाखेचा एक हात दिला, म्हणजे पुन्हा दमट हवा धरत नाहीत.

पाट्या ४ मिमी प्लायच्या, १० × १० सेंमी. नाव आणि चित्र दोन्ही बाजूंना, कारण फाटा फिरला की पाटीची पाठ पुढे येते. प्रत्येक पाटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून, मागे वायसर चिकटवून ३० ग्रॅमला आणली. इथे दोन-तीन ग्रॅमचा फरक सोडून दिला तर वरच्या काडीला तो झेपत नाही, सगळी तिरपी होते.

बांबूच्या वजनामुळे टांगायची जागा गणितापेक्षा थोडी सरकते, सेंटिमीटरभर इकडे किंवा तिकडे. म्हणून भोक पाडलं नाही. दोऱ्याचा फास कामटीवर सरकवून समतोल मिळवायचा आणि मग गोंदाच्या थेंबाने पक्का करायचा. जुळवणी खालून वर करावी. वरून सुरुवात केली तर खालचं काही बदललं की वरचं सगळं पुन्हा करावं लागतं.

१९ जुलै. दोऱ्याचा पीळ

मॉडेल टांगलं, १३ चा फाटा हाताने अर्धा फिरवला, कबूतर रोहूशेजारी आलं. हात सोडला आणि पाच-सात सेकंदांत सगळं परत पहिल्या जागी. साध्या दोऱ्याला पीळ बसतो आणि तो उलटा सुटतो.

ही नुसती यांत्रिक अडचण नाही. मॉडेल आपोआप ज्या क्रमाला परत येतं तो क्रम “खरा” आणि बाकीचे जबरदस्तीचे, असं पाहणाऱ्याच्या मनात पक्कं बसतं. जे खोडून काढायचं तेच मॉडेल शिकवायला लागतं.

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गळाला लावायची फिरकी मिळते, दोन्ही टोकांना कडी आणि मध्ये फिरणारा सांधा. छर्रे असलेली फिरकी घ्यावी. साधी पितळी फिरकी हलक्या वजनाखाली नीट फिरत नाही आणि दोरा तरीही पीळ खातो. नऊ फाट्यांना नऊ फिरक्या, प्रत्येक काडीच्या टांगायच्या धाग्यात, काडीच्या अगदी वर. सुती दोरा काढून विणलेला मासेमारीचा धागा घातला. आता फाटा जिथे सोडावा तिथेच राहतो. छताचा पंखा मात्र बंद हवा, वाऱ्यावर सगळे फाटे आपसूक फिरतात.

२६ जुलै. मुलांपुढे पहिली चाचणी

फुफ्फुसमाशाचा प्रश्न आता सुटतो. पद्धत अशी: दोन पाट्यांवर दोन बोटं ठेवायची, दोन्ही धाग्यांनी वर जायचं, जिथे बोटं एकत्र येतील तो फाटा लक्षात ठेवायचा. मग दुसरी जोडी. ज्या जोडीची बोटं खालच्या फाट्यावर भेटली ती जोडी जास्त जवळची. मग कुठलेही फाटे फिरवायचे आणि पुन्हा तेच करायचं. फाटा तोच येतो.

पण एक नवा चुकीचा निष्कर्ष निघाला आणि तो बऱ्याच मुलांनी स्वतंत्रपणे काढला: “सर, रोहूपासून बेडकापर्यंत कमी गाठी आहेत आणि कबुतरापर्यंत जास्त. म्हणजे बेडूक रोहूच्या जवळचा ना?” गाठी मोजणं हे शेजार मोजण्याइतकंच फसवं आहे. रोहू-बेडूक आणि रोहू-कबूतर या दोन्ही जोड्या १३ वरच भेटतात. त्यापुढे कबुतराच्या वाटेवर जास्त फाटे दिसतात, कारण आपण गाय, पाल, मगर ही टोकं निवडून टांगली. गाय काढली तर एक गाठ कमी होईल, आणि कबूतर काही रोहूच्या जवळ सरकणार नाही.

हे बोलून सांगण्यापेक्षा करून दाखवणं बरं. म्हणून गाईची कामटी काढता-घालता येईल अशी केली. एक कडी सोडवली की गाय आणि तिची कामटी बाहेर, आणि पालीची कामटी सरळ बेडकाच्या कामटीला. समतोल बिघडतो, तेवढ्यापुरतं ३० ग्रॅमचं वजन बेडकाच्या कामटीच्या जड बाजूला अडकवायचं. लांबी मात्र बदलावी लागत नाही, कारण खालचा घेर कमीच होतो.

दुसरा गैरसमज उलट्या दिशेचा होता. आडव्या क्रमाला अर्थ नाही म्हटल्यावर काही मुलांनी ताडलं की मग कोणीही कुठेही बसू शकतं. तसं नाही. प्रत्येक फाट्याच्या दोनच मांडण्या, नऊ फाटे, म्हणजे २ × २ × २ असं नऊ वेळा: ५१२ क्रम. दहा पाट्या मोकळ्या मांडल्या तर ३६,२८,८०० क्रम होतात. झाड त्यातले फक्त ५१२ मान्य करतं. मगर आणि कबूतर यांच्या मध्ये गाय आणून दाखवा, असं सांगितलं की मुलं सगळे फाटे फिरवून बघतात आणि ते होत नाही. एका फाट्याखालची टोकं कायम एकत्र राहतात. त्या गटाच्या आत कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे, आणि गटाशेजारी कोण येतं, एवढंच मोकळं आहे.

२ ऑगस्ट. सूचनेची पाटी

जोड्यांचे फाटे, म्हणजे शार्क-पाकट आणि रोहू-समुद्रघोडा, मगर-कबूतर यांच्याच उंचीवर टांगले, म्हणजे लांब लोंबते धागे कमी होतात आणि गुंता होत नाही. पण त्यामुळे तिन्ही जोड्या एकाच काळी फुटल्या असं वाटू शकतं. म्हणून हुकाखाली पाटी लावली: “उंची म्हणजे वर्षं नव्हेत. एकाच धाग्याने वर गेलात तर वरचा फाटा आधीचा. वेगवेगळ्या फांद्यांवरच्या फाट्यांची उंची एकमेकांशी ताडू नका.”

जीवाश्म टांगायचा का, हाही प्रश्न आला. शाळेतल्या ताईंना टिकटालिक हवा होता. साधारण ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा, २००४ मध्ये कॅनडाच्या एल्स्मिअर बेटावर सापडलेला. तो १५ आणि १६ च्या मधल्या धाग्यावर गाठ म्हणून बांधायचा नाही. तोच आपला पूर्वज होता असं कोणालाही म्हणता येत नाही, म्हणता येतं ते एवढंच की तो फुफ्फुसमाशापेक्षा बेडकाच्या बाजूच्या वंशाचा जवळचा नातलग आहे. त्यामुळे त्याला स्वतःचा फाटा, स्वतःची कामटी, आणि धागा आखूड, म्हणजे पाटी बाकीच्यांच्या पातळीच्या बरीच वर संपेल. अकरा टोकं झाली की वरच्या सगळ्या कामट्या ८ सेंमीने वाढतात, वरची ८८ होते. या खोलीत हुक भिंतीपासून तेवढा दूर नाही, म्हणून टिकटालिक सध्या डब्यात ठेवला आहे.

८ ऑगस्ट. खर्च आणि ने-आण

सगळं मिळून आठशेच्या आत झालं. सर्वांत जास्त पैसे छर्‍यांच्या फिरक्यांना आणि दोन्ही बाजूंच्या रंगीत छपाईला गेले. बांबू जवळपास फुकटात पडला, वाया गेल्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या. त्या लहान कामट्यांच्या जागी वापरता येतात, पण मग वजनाचं गणित पुन्हा करावं लागतं.

दुसऱ्या शाळेत न्यायचं तर मॉडेल उभंच न्यावं, छताऐवजी काठीला टांगून. घडी घातली की नऊ फिरक्यांचे धागे एकमेकांत अडकतात आणि सोडवायला टांगण्यापेक्षा जास्त वेळ जातो. घडी घालणं भागच असेल तर १३ आणि १५ च्या फाट्यांवरच्या कड्या सोडवून तीन भाग करावेत, आणि प्रत्येक भाग वेगळ्या पुठ्ठ्यावर सेलोटेपने चिकटवावा. कामट्यांवर फाट्यांचे क्रमांक पेनने लिहून ठेवावेत, नाहीतर पुन्हा जोडताना ३२ आणि ४० सेंमीच्या कामट्यांची अदलाबदल होते. तशी अदलाबदल झाली की आखूड झालेली बेडकाची कामटी फिरताना बेडकाचा धागा गाईच्या कामटीला घासायला लागतो, आणि टांगायची जागाही चुकल्याने दोन्ही कामट्या तिरप्या दिसतात.